दोन यंत्रं, एक पेटी: फोटोतल्या गणितातून एकूण सरासरी आणि व्हेरियन्स कसा काढायचा

माझ्या एका विद्यार्थिनीनं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात फोनवर एक फोटो पाठवला. पुस्तकाचं पान तिरकं आलेलं, उजव्या खालच्या कोपऱ्यावर अंगठ्याची सावली, आणि खाली पेन्सिलीनं लिहिलेलं तिचं उत्तर: सरासरी ५३, व्हेरियन्स ३.०४. सोबत एवढंच लिहिलं होतं, "सरासरी जुळते, व्हेरियन्स जुळत नाही. पुस्तकात २७.४ आहे. छपाईची चूक असेल का?"

छपाईची चूक नव्हती. हीच चूक मी दरवर्षी पाहते, आणि हुशार मुलंही ती करतात, कारण सरासरीसाठी जे चालतं ते व्हेरियन्सलाही चालेल असं वाटणं अगदी साहजिक आहे. हे एक गणित सावकाश सोडवलं तर दोन गटांच्या मिश्रणावरची बाकीची गणितं आपोआप सुटायला लागतात. म्हणून ते इथे पहिल्या पायरीपासून मांडते.

आधी फोटो वहीत उतरवा

फोटोकडे बघत थेट आकडेमोड सुरू करू नका. संपूर्ण प्रश्न स्वतःच्या हातानं वहीत लिहून काढा. तिच्या फोटोतला प्रश्न असा होता:

"एका कारखान्यात दोन यंत्रं धातूचे दांडे कापतात. यंत्र अ ताशी ३५० दांडे कापतं आणि त्यांची लांबी (मिमी) N(50, 2²) अशी वितरित आहे. यंत्र ब ताशी १५० दांडे कापतं आणि त्यांची लांबी ५४ ते ६६ मिमी या दरम्यान एकसमान वितरित आहे. दोन्ही यंत्रांचे दांडे एकाच पेटीत पडतात. पेटीतून एक दांडा यादृच्छिक पद्धतीनं काढला, तर त्याच्या लांबीची सरासरी आणि व्हेरियन्स काढा."

फोटोत सगळ्यात आधी हरवतो तो वरचा घात. 2² मधला छोटा दोन तिच्या फोटोत सावलीत गेला होता. मोठा करून पाहिल्यावर तिथे एक करडा ठिपका दिसत होता, इतकंच. तो घात सुटला तर N(50, 2) उरतं, आणि गणिताच्या पुस्तकांच्या रिवाजानुसार कंसातला दुसरा आकडा व्हेरियन्सचा असल्यामुळे तुम्ही व्हेरियन्स २ धरता. घात दिसला तर व्हेरियन्स ४ आणि स्टँडर्ड डिव्हिएशन, म्हणजे प्रमाण विचलन, २. एका ठिपक्यानं उत्तर २७.४ वरून २६ वर येतं. हे दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की चूक कुठे झाली हे शोधायला तासभर जातो.

म्हणून असा आकडा दिसला की त्याच्यापुढे वहीत शब्दांत लिहा: "व्हेरियन्स = ४" किंवा "प्रमाण विचलन = २". चिन्हावर विसंबू नका. σ आणि σ² हेही फोटोत असेच गोंधळ करतात. शंका राहिली तर एककाकडे बघा. लांबी मिलिमीटरमध्ये असेल तर प्रमाण विचलन मिलिमीटरमध्ये असतं आणि व्हेरियन्स चौरस मिलिमीटरमध्ये. प्रश्नात "२ मिमी" असं लिहिलं असेल तर ते प्रमाण विचलनच. आणि पानाची कडा कापली गेली असेल, वाक्य अर्धवट असेल, तर अंदाज करण्यापेक्षा पुन्हा फोटो मागवा. "उरलेले सर्व ब यंत्राचे" हे चार शब्द कडेला कापले गेले तर सगळं गणितच बदलतं.

भार ठरवा, आणि ते दांड्यांचे आहेत याची खात्री करा

ताशी ३५० आणि १५०, म्हणजे एकूण ५००. पेटीतला एखादा दांडा अ यंत्राचा असण्याची संभाव्यता ३५० ÷ ५०० = ०.७ आणि ब यंत्राचा असण्याची ०.३.

हे सोपं वाटतं, पण इथे एक क्षण थांबा. यंत्रं दोन आहेत म्हणून दोघांना निम्मा-निम्मा भार देणं ही नवख्यांची नेहमीची चूक. आपण यंत्र निवडत नाही, दांडा निवडतो, आणि पेटीत अ यंत्राचे दांडे जास्त आहेत. प्रश्नात कधी वेळ दिलेली असते: अ यंत्र दिवसातले सहा तास चालतं, ब यंत्र दोन तास. मग तासांना वेगानं गुणून दांड्यांची संख्या काढायची आणि त्या संख्येवरून भार ठरवायचा. दोन्ही भारांची बेरीज १ येते का, एवढं पाहून पुढे जा.

प्रत्येक यंत्राचे दोनच आकडे हवेत

अ यंत्राचं वितरण नॉर्मल आहे, ब यंत्राचं युनिफॉर्म. वितरणं वेगळी दिसली की मुलं घाबरतात, आता दोन सूत्रं जोडून तिसरं वितरण तयार करावं लागेल असं त्यांना वाटतं. तसं काही करायचं नाही. एकूण सरासरी आणि एकूण व्हेरियन्स काढायला प्रत्येक यंत्राची सरासरी आणि व्हेरियन्स एवढंच पुरतं. वितरणाचा आकार हे दोन आकडे काढताना लागला की त्याचं काम संपलं.

अ यंत्र: सरासरी ५०, व्हेरियन्स ४.

ब यंत्र: युनिफॉर्म वितरणाची सरासरी म्हणजे दोन टोकांचा मध्य, (५४ + ६६) ÷ २ = ६०. व्हेरियन्स म्हणजे रुंदीचा वर्ग भागिले १२. रुंदी ६६ − ५४ = १२, म्हणून १४४ ÷ १२ = १२.

इथे योगायोगानं रुंदीही १२, भाजकही १२ आणि उत्तरही १२ आलंय. त्यामुळे "रुंदी हाच व्हेरियन्स" असं डोक्यात बसू देऊ नका. रुंदी ६ असती तर व्हेरियन्स ३६ ÷ १२ = ३ आला असता.

एकूण सरासरी

ही पायरी लगेच होते.

०.७ × ५० + ०.३ × ६० = ३५ + १८ = ५३

एकूण सरासरी ५० आणि ६० यांच्या मधेच यायला हवी आणि जास्त भाराच्या यंत्राकडे झुकायला हवी. ५३ तसं आहे.

३.०४ कुठून आलं

आता खरा भाग. विद्यार्थिनीनं पेटीतल्या दांड्याची लांबी अशी लिहिली होती: X = 0.7A + 0.3B. त्यावरून सरासरी बरोबर आली. मग तिनं पाठ असलेला नियम लावला, की स्थिरांक बाहेर येताना वर्ग होऊन येतो:

०.४९ × ४ + ०.०९ × १२ = १.९६ + १.०८ = ३.०४

आकडेमोडीत काहीच चूक नाही. चूक पहिल्या ओळीत आहे. 0.7A + 0.3B हा कसला दांडा? अ यंत्राचा एक दांडा घेतला, त्याचा सत्तर टक्के तुकडा कापला, ब यंत्राच्या दांड्याचा तीस टक्के तुकडा कापला आणि दोन्ही जोडले. असा जोडलेला दांडा पेटीत एकही नाही. पेटीतला प्रत्येक दांडा पूर्णपणे अ यंत्राचा आहे किंवा पूर्णपणे ब यंत्राचा. ०.७ हा तुकड्याचा भाग नाही, तो कोणत्या यंत्राचा दांडा हाती येईल याची संभाव्यता आहे.

बेरीज आणि मिश्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरासरी दोन्हींसाठी एकच येते, म्हणून फरक लपून राहतो. व्हेरियन्सपाशी तो उघडा पडतो.

चूक झाल्याचं ओळखायची एक खूण आहे. मिश्रणाचा व्हेरियन्स दोन यंत्रांच्या व्हेरियन्सपैकी जो लहान, त्यापेक्षा कधीही लहान असू शकत नाही. इथे ते ४ आणि १२ आहेत. वेगवेगळ्या लांबीचे दोन ढीग एकत्र ओतले आणि पसरट ढिगाऐवजी आधीच्या दोन्हींपेक्षा एकसारखा ढीग तयार झाला, असं होणार नाही. ३.०४ हा आकडा ४ पेक्षाही लहान दिसला त्याच क्षणी पेन खाली ठेवायला हवं होतं.

व्हेरियन्स दांड्या-दांड्यानं समजून घ्या

सूत्र नंतर लिहू. आधी एकच दांडा हातात घ्या. समजा तो अ यंत्राचा आहे आणि त्याची लांबी ५१ मिमी भरली. व्हेरियन्स काढायचा तर एकूण सरासरीपासून, म्हणजे ५३ पासून, तो किती दूर आहे ते हवं. अंतर −२. हे अंतर दोन टप्प्यांत मोजता येतं. दांडा स्वतःच्या यंत्राच्या सरासरीपासून, ५० पासून, +१ दूर आहे. आणि त्याच्या यंत्राची सरासरी एकूण सरासरीपासून ५० − ५३ = −३ दूर आहे. बेरीज −२.

हेच अ यंत्राच्या प्रत्येक दांड्यासाठी करता येतं. अंतराचा वर्ग केला की तीन पदं मिळतात: दांड्याच्या स्वतःच्या अंतराचा वर्ग, यंत्राच्या अंतराचा वर्ग, आणि दोघांच्या गुणाकाराची दुप्पट. आता अ यंत्राच्या सगळ्या दांड्यांवर सरासरी घ्या. पहिल्या पदाची सरासरी म्हणजे अ यंत्राचा व्हेरियन्स, ४. दुसरं पद प्रत्येक दांड्याला तेच, (−३)² = ९. तिसऱ्या पदात दांड्याच्या स्वतःच्या अंतराला −६ या ठरलेल्या आकड्यानं गुणलेलं आहे. पण स्वतःच्या सरासरीपासूनची अंतरं काही धन, काही ऋण असतात आणि त्यांची सरासरी शून्य होते. म्हणून तिसरं पद नाहीसं होतं.

म्हणजे ५३ पासून मोजलं तर अ यंत्राच्या दांड्यांच्या अंतराच्या वर्गांची सरासरी ४ + ९ = १३.

ब यंत्रासाठी तेच: स्वतःचा व्हेरियन्स १२, यंत्राचं अंतर ६० − ५३ = ७, त्याचा वर्ग ४९. एकूण ६१.

आता पेटीतले सत्तर टक्के दांडे १३ चे आणि तीस टक्के ६१ चे:

०.७ × १३ + ०.३ × ६१ = ९.१ + १८.३ = २७.४

पुस्तकातलं उत्तर हेच आहे. यात कुठेही अवघड सूत्र लागलं नाही. ते तिसरं पद शून्य होतं हीच या सगळ्याची किल्ली आहे, आणि माझा आग्रह आहे की एकदा तरी ते स्वतःच्या हातानं शून्य होताना पाहा.

आता तेच सूत्रात

वरचे चार आकडे वेगळ्या क्रमानं गोळा केले की एकूण व्हेरियन्सचा नियम मिळतो. M म्हणजे दांडा कोणत्या यंत्राचा हे, आणि X म्हणजे त्याची लांबी:

Var(X) = E[Var(X|M)] + Var(E[X|M])

पहिला भाग यंत्रांच्या आतला. प्रत्येक यंत्राच्या व्हेरियन्सची भारित सरासरी:

०.७ × ४ + ०.३ × १२ = २.८ + ३.६ = ६.४

दुसरा भाग यंत्रांमधला. दोन यंत्रांच्या सरासऱ्या एकूण सरासरीभोवती किती पसरल्या आहेत:

०.७ × ९ + ०.३ × ४९ = ६.३ + १४.७ = २१

बेरीज ६.४ + २१ = २७.४. प्रमाण विचलन म्हणजे याचं वर्गमूळ, सुमारे ५.२३ मिमी.

सूत्रातल्या उभ्या रेघेला बिचकू नका. Var(X|M) म्हणजे "यंत्र कळल्यावर उरलेला व्हेरियन्स". अ यंत्र कळलं तर ४, ब यंत्र कळलं तर १२. तो स्वतःच यंत्रानुसार बदलणारा आकडा आहे, म्हणून त्याची सरासरी घ्यायची. E[X|M] म्हणजे यंत्र कळल्यावरची सरासरी लांबी: ७० टक्के वेळा ५०, ३० टक्के वेळा ६०. तोही बदलणारा आकडा आहे, म्हणून त्याचा व्हेरियन्स काढता येतो.

बरीच मुलं ६.४ पाशी थांबतात आणि उत्तर लिहून मोकळी होतात. ६.४ हे ४ आणि १२ च्या मधे आहे, त्यामुळे वरची खूण इथे सावध करत नाही. अशा वेळी स्वतःला विचारा: दोन्ही यंत्रांच्या सरासऱ्या सारख्या आहेत का? सारख्या असत्या तर दुसरा भाग शून्य झाला असता आणि ६.४ च बरोबर ठरलं असतं. इथे त्या दहा मिलिमीटरनं वेगळ्या आहेत, आणि २७.४ पैकी २१ एवढा मोठा वाटा त्या दुराव्याचाच आहे. कारखान्याच्या भाषेत बोलायचं तर ब यंत्र अ यंत्राशी जुळवून लावलं, तर पेटीतल्या दांड्यांच्या लांबीतल्या व्हेरियन्सचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग निघून जाईल. दोन्ही यंत्रं आणखी अचूक करत बसण्यापेक्षा ते कितीतरी फायद्याचं. दोन भाग वेगळे लिहिण्याचा हा खरा उपयोग आहे, आणि अंतिम उत्तरापेक्षा मला तो जास्त मोलाचा वाटतो.

यंत्रं दोनच असतील तर दुसरा भाग चटकन काढता येतो: दोन्ही भारांचा गुणाकार आणि सरासऱ्यांतल्या फरकाचा वर्ग. ०.७ × ०.३ × १०² = ०.२१ × १०० = २१. परीक्षेत पडताळ्यासाठी हे उत्तम. तीन यंत्रं आली की मात्र हा आखूड रस्ता तसाच चालत नाही, तेव्हा प्रत्येकाचं एकूण सरासरीपासूनचं अंतर घेऊनच जायचं.

उत्तर दुसऱ्या वाटेनं तपासा

त्याच सूत्रातून पुन्हा गेलात तर तीच चूक पुन्हा होईल. म्हणून तपासणीसाठी वर्गांच्या सरासरीची वाट घ्या. कोणत्याही यंत्रासाठी लांबीच्या वर्गाची सरासरी म्हणजे व्हेरियन्स अधिक सरासरीचा वर्ग.

अ: ४ + २५०० = २५०४
ब: १२ + ३६०० = ३६१२
मिश्रण: ०.७ × २५०४ + ०.३ × ३६१२ = १७५२.८ + १०८३.६ = २८३६.४

यातून एकूण सरासरीचा वर्ग, ५३² = २८०९, वजा केला की २७.४.

या वाटेत मोठे आकडे एकमेकांतून वजा होतात, त्यामुळे मधेच आकडे पूर्णांकात आणू नका. २८३६.४ ऐवजी २८३६ लिहिलं तर उत्तर थेट २७ होतं.

संगणक हाताशी असेल तर दहा लाख दांडे "कापून"ही पाहता येतं:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
n = 1_000_000
from_a = rng.random(n) < 0.7
a = rng.normal(50, 2, n)
b = rng.uniform(54, 66, n)
x = np.where(from_a, a, b)
print(x.mean(), x.var())
```

सरासरी ५३ च्या आणि व्हेरियन्स २७.४ च्या अगदी जवळ छापला जाईल. `np.where` ची ओळ नीट पाहा: प्रत्येक दांडा `a` मधून किंवा `b` मधून उचलला जातो. त्याजागी `0.7*a + 0.3*b` लिहून पाहा, व्हेरियन्स ३.०४ च्या आसपास येईल. मिश्रण आणि बेरीज यांतला फरक याहून स्पष्ट मला दाखवता येत नाही.

इथे एक सापळा आहे. `rng.normal` मधला दुसरा आकडा प्रमाण विचलनाचा असतो, पुस्तकातल्या N(50, 4) सारखा व्हेरियन्सचा नाही. चुकून ४ लिहिलात तर अ यंत्राचा व्हेरियन्स १६ होतो आणि एकूण ११.२ + ३.६ + २१ = ३५.८ येतो. छापलेला आकडा ३५.८ च्या जवळ दिसला तर चूक तिथेच शोधा.

५३ आणि ५.२३ हातात आले म्हणून नॉर्मल तक्ता उघडू नका

तिच्या प्रश्नाच्या पुढच्या भागात विचारलं होतं: ४५ मिमीपेक्षा आखूड दांडे टाकून द्यावे लागतात, तर असे किती टक्के निघतील? सरासरी ५३, प्रमाण विचलन ५.२३, म्हणजे (४५ − ५३) ÷ ५.२३ = सुमारे −१.५३, तक्त्यात पाहिलं तर ६.३ टक्के. सुटसुटीत, आणि पूर्ण चुकीचं.

पेटीतल्या लांब्यांचं चित्र काढा. ५० च्या भोवती अ यंत्राचा उंच, अरुंद उंचवटा. ५४ पासून ६६ पर्यंत ब यंत्राचं सपाट पठार. ५३ ही सरासरी खरी, पण चित्राचं शिखर तिथे नाही: अ यंत्राचा उंचवटा तिथवर बराच खाली आलेला असतो आणि ब यंत्राचं पठार अजून सुरूच झालेलं नसतं. या आकाराला नॉर्मल म्हणता येणार नाही. अ यंत्राइतकंच ब यंत्रही नॉर्मल असतं तरी मिश्रण नॉर्मल झालं नसतं. दोन नॉर्मल राशींची बेरीज, त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर, नॉर्मल असते. मिश्रण ही वेगळीच गोष्ट.

टक्केवारी हवी असेल तर प्रत्येक यंत्राची वेगळी काढून भारानं मिसळायची. अ यंत्रासाठी (४५ − ५०) ÷ २ = −२.५, तक्त्यातून ०.००६२. ब यंत्राचा एकही दांडा ५४ पेक्षा आखूड नाही, म्हणून शून्य. एकूण ०.७ × ०.००६२ = ०.००४३, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आधीचं चुकीचं उत्तर याच्या जवळजवळ पंधरा पट होतं. कारखान्यात हा फरक म्हणजे विनाकारण लावलेला कच्च्या मालाचा हिशेब.

उलट दिशेचं काम, म्हणजे मिसळलेल्या मोजमापांतून दोन गट वेगळे ओळखणं, फार जुनं आहे. कार्ल पिअर्सन यांनी १८९४ मध्ये नेपल्सच्या खेकड्यांच्या मोजमापांवर दोन नॉर्मल वितरणांचं मिश्रण बसवून दाखवलं होतं. ते हातानं करणं किती जिकिरीचं होतं हे पाहिलं की आपल्या गणितात भार आधीच दिलेले आहेत याचं बरं वाटतं.

शंभर दांड्यांची पेटी

शेवटचा उपप्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण दोन भाग वेगळे ठेवले असतील तरच तो नीट सुटतो. "१०० दांडे टोकाला टोक लावून ठेवले, तर एकूण लांबीचा व्हेरियन्स किती?"

उत्तर दांडे कसे निवडले यावर अवलंबून आहे, म्हणून फोटोतलं ते वाक्य पुन्हा वाचा. मोठ्या ढिगातून शंभर दांडे एकमेकांपासून स्वतंत्रपणे, न बघता उचलले असतील, तर प्रत्येकाचा व्हेरियन्स २७.४ आणि बेरजेचा १०० × २७.४ = २७४०. यात अ यंत्राचे कधी ६५ दांडे येतील, कधी ७६, आणि ती चढउतारही लांबीत उतरते.

पण पेटी भरणाऱ्यानं मोजून ७० दांडे अ यंत्राचे आणि ३० ब यंत्राचे ठेवले असतील, तर किती दांडे कुणाचे ही अनिश्चितता उरतच नाही. मग उरतो फक्त यंत्रांच्या आतला भाग: ७० × ४ + ३० × १२ = २८० + ३६० = ६४०, म्हणजेच १०० × ६.४. दोन्ही वेळा एकूण लांबीची सरासरी ५३०० मिमीच, पण प्रमाण विचलन पहिल्या वेळी सुमारे ५२ मिमी आणि दुसऱ्या वेळी सुमारे २५ मिमी.

तिच्या प्रश्नात "मोजून ७० आणि ३०" असंच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ६४० लिहून नवा फोटो पाठवला, या वेळी पान सरळ धरलेलं आणि अंगठा चौकटीबाहेर ठेवलेला.